निजवून लांबी, उभं करून उंची: दोन वर्षांच्या उंबरठ्यावर मोजमाप चुकू नये म्हणून

मूल २३ महिन्यांचं असताना अंगणवाडीत निजवून मोजलं, तेव्हा ७९.६ सें.मी. भरलं. पुढच्या महिन्यात दोन वर्षं पूर्ण झाली म्हणून उभं करून मोजलं, तर ७९.७. आई घाबरून विचारते, "ताई, महिन्याभरात पोरगी वाढलीच नाही का?" पोरगी छान वाढलेली असते. बदललेली असते ती मोजायची पद्धत. पण सेविकेलाच हे नेमकं सांगता आलं नाही, तर पुढच्या वेळी ती "बरा आकडा यावा" म्हणून मुलीला पुन्हा निजवते, आणि मग नोंदवहीतला घोळ वर्षभर निस्तरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते आपण वापरतो. त्यांत दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत आडवी लांबी धरलेली आहे आणि त्यानंतर उभी उंची. उभं राहिलं की अंगाचं वजन मणक्यांवर येतं, मणक्यांमधल्या गाद्या किंचित दबतात, कण्याचा बाक वाढतो. म्हणून तेच मूल त्याच दिवशी उभं असताना कमी भरतं. हे तक्ते करताना १८ ते ३० महिन्यांच्या मुलांची दोन्ही मापं घेतली होती, आणि सरासरी फरक ०.७ सें.मी. आला. पुढे सगळीकडे हाच ०.७ लागणार आहे.

## १. आधी वय, मग माप

मोजफळा उघडण्याआधी जन्मतारीख बघायची, तीही माता बाल संरक्षण कार्डावरची किंवा जन्मदाखल्यावरची. मूल चालतं-पळतं, सगळे दात आलेत, थोराड दिसतं, यावर काहीही ठरवायचं नाही.

इथली सर्वांत मोठी चूक आपल्या बोलण्यातूनच होते. आजी म्हणते, "दुसरं लागलंय त्याला." याचा अर्थ एक वर्ष पूर्ण झालंय आणि दुसरं चालू आहे. ऐकणारीच्या डोक्यात मात्र 'दोन' एवढंच राहतं, आणि १४ महिन्यांचं बाळ भिंतीला उभं केलं जातं. म्हणून "कितवं चालू आहे" असं न विचारता "दुसरा वाढदिवस होऊन गेला का?" असं विचारा. होऊन गेला असेल किंवा आजच असेल, तर उभं करून मोजायचं. उद्या असेल तर आज निजवूनच.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांत कधी कधी कागद गावीच राहिलेला असतो. तेव्हा पोळा, दिवाळी, गावची जत्रा असे टप्पे धरून महिना काढता येतो का ते आधी बघा. नाहीच निघाला, तर ८७ सें.मी. ही सीमा धरतात. त्याहून कमी भरणारं मूल निजवून, तेवढं किंवा जास्त भरणारं उभं करून मोजायचं. मी एका काठीवर ८७ वर लाल रेघ मारून ठेवलेली आहे. मूल शेजारी उभं केलं की डोकं रेघेच्या वर की खाली ते लगेच दिसतं. ही फक्त पद्धत ठरवण्याची खूण आहे, यावरून वय लिहायचं नाही.

## २. जागा आणि साधन

निजवून मोजायला इन्फंटोमीटर, म्हणजे डोक्याकडे पक्की फळी आणि पायाकडे सरकती फळी असलेला आडवा मोजफळा. उभं करून मोजायला स्टेडिओमीटर, म्हणजे उभा फळा आणि डोक्यावर उतरणारी पट्टी. शिंप्याची टेप दोन्हींची जागा घेऊ शकत नाही. गादीवर निजवून टाळूपासून टाचेपर्यंत टेप लावली की बाळाच्या अंगाच्या गोलाईवरून ती फिरते, गादी खाली दबते, आणि दोनदा मोजलं तर एकदाही तोच आकडा येत नाही.

आडवा फळा फरशीवर किंवा न हलणाऱ्या भक्कम टेबलावर ठेवा. सारवलेल्या जमिनीवर चढउतार असतील तर आधी हाताने फळा चारही कोपऱ्यांत दाबून बघा. डुगडुगला तर जागा बदला. वर एकच पातळ सुती कापड. जाड दुपटं घातलं की बाळ त्यात रुततं.

उभ्या फळ्याची अडचण वेगळी असते. भिंतीच्या खालच्या कडेला फरशीची पट्टी पुढे आलेली असते, त्यामुळे फळा खाली पुढे आणि वर मागे असा कलतो. पत्र्याच्या भिंतीला लावला तर मूल टेकताच भिंत मागे दबते. दाराची चौकट किंवा पक्क्या भिंतीचा पट्टी नसलेला भाग शोधा.

तपासा: दर महिन्याला मोजायला बसण्याआधी माहीत असलेल्या लांबीची सरळ काठी किंवा धातूची पट्टी दोन्ही साधनांवर मोजून बघा. एक मीटरची पट्टी दोन्हीकडे बरोबर १०० दाखवत नसेल, तर साधन चुकीचं जोडलं गेलंय किंवा सांध्यात ढिलं झालंय. घडीच्या फळ्यांत तुकडे पूर्ण न बसल्याने हे वरचेवर होतं. साधन नीट झाल्याशिवाय मुलांना हात लावू नका.

## ३. मुलाची तयारी

चप्पल, मोजे, टोपडं काढायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. राहून जातात त्या तीन गोष्टी. पहिली, डोक्यावरचं. दोन शेंड्या, बो, क्लिप, मधोमध बांधलेला बुचडा यांनी सेंटीमीटरभर सहज वाढतो. आईला आधीच सांगा, "वहिनी, आज केस मोकळे ठेवूनच आणा." जावळ काढायचं राहिलेलं दाट केसांचं बाळ असेल तर डोकं फळीला नीट दाबून टेकवावं लागतं. दुसरी, पायातले वाळे आणि पैंजण. ते टाचेखाली किंवा घोट्याशी अडकतात आणि तळवा फळीला सपाट लागत नाही. काढायला आई का-कू करते. निदान घोट्याच्या वर सरकवून घ्या. तिसरी, लंगोट किंवा डायपर. तो जाड असला की मांड्या फाकतात आणि पाय सरळ होत नाहीत, म्हणून निजवताना तो काढायचाच.

वजन आधी करायचं असेल तर करून घ्या. लांबी मोजताना बाळ रडणार हे धरून चाला. रडून झाल्यावर ते वजनकाट्यावर स्थिर राहत नाही.

## ४. निजवून मोजताना: दोन माणसं, चार हात

एकट्याने लांबी मोजता येत नाही. सेविका मोजणार असेल तर मदतनीस डोक्याशी हवी. मदतनीस नसेल तर आईला डोक्याशी बसवा आणि काय धरायचं ते आधी रिकाम्या फळ्यावर दाखवा. माप घेणारी नेहमी पायाकडची.

डोक्याकडची. ती डोक्याच्या फळीमागे, फळीकडे तोंड करून गुडघे टेकून बसते. बाळाला पाठीवर अलगद उतरवलं की दोन्ही तळहात कानांवरून घेऊन डोकं ओंजळीत धरायचं आणि टाळू फळीला टेकवायची. बाळाची नजर सरळ छताकडे हवी. कानाचं छिद्र आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड यांना जोडणारी रेघ मनात काढा. ती फळ्यावर काटकोनात उभी असली पाहिजे. हनुवटी छातीकडे दबली किंवा वर उचलली गेली, तर टाळूची वेगळीच जागा फळीला लागते आणि माप बदलतं.

पायाकडची. ती बाळाच्या बाजूला असते, पट्टीवरचे आकडे सरळ दिसतील अशी. आधी बघायचं की खांदे फळ्याला टेकलेत आणि बाळ मधल्या रेघेवर सरळ आहे, केळ्यासारखं वाकडं नाही. मग डाव्या हाताने दोन्ही गुडघ्यांवर हलका पण ठाम दाब, आणि उजव्या हाताने सरकती फळी तळव्यांना लावायची. दोन्ही टाचा फळीला सपाट, पायाची बोटं सरळ वर. बोटं फळीवर वाकली असतील तर तळव्यावर हलकेच खाजवा. बाळ बोटं सरळ करतं, तेवढ्यात फळी भिडवायची आणि आकडा वाचायचा.

सावधान: नवजात बाळाचे गुडघे पूर्ण सरळ होत नाहीत. पोटात असतानाचा वाक अजून गेलेला नसतो. तिथे कमीत कमी दाब द्या, ताणू नका. मोठं बाळ फारच लाथा झाडत असेल, दोन्ही पाय धरणं अशक्यच असेल, तर एक पाय नीट सरळ करून माप घेतलेलं चालतं. मात्र ते नाइलाज म्हणून. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी घाई म्हणूनच एक पाय धरलेला असतो.

आकडा पट्टीच्या समोरून, डोळा त्या रेघेच्या बरोबर वर आणून वाचायचा. कडेने वाचला तर दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. पूर्ण झालेली शेवटची मिलिमीटरची रेघ लिहायची: ७९.६ आणि ७९.७ च्या मध्ये असेल तर ७९.६.

## ५. उभं करून मोजताना: आधी टाचा

उभ्या मापातही मदतीला एक हवीच. ती गुडघे टेकून खाली बसते आणि तिचं सगळं लक्ष मुलाच्या पायांवर असतं. मोजणारी मुलाच्या डोक्याच्या उंचीवर येते, म्हणजे तिलाही वाकावं किंवा बसावं लागतं. उभ्या उभ्या वरून वाचलेला आकडा चुकतोच.

क्रम खालून वर ठेवा. पाय किंचित फाकलेले, टाचा फळ्याला. मदत करणारी एका हाताने घोटे आणि दुसऱ्याने गुडघे धरून पाय सरळ ठेवते. मग पोटऱ्या, कुल्ले, खांद्याची हाडं आणि डोक्याचा मागचा भाग फळ्याला लागलेत का ते बघा. गुटगुटीत मुलाचं सगळंच एकाच वेळी टेकत नाही. कुल्ले टेकले की डोकं पुढे राहतं. जबरदस्तीने दाबून कमान करू नका. जेवढं सहज टेकतं तेवढं टेकवा, पण पाय सरळ आणि अंगाचा भार दोन्ही पायांवर सारखा हवा. पोट पुढे काढून उभं राहिलं असेल तर पोटावर हलका हात ठेवा, मूल आपोआप ताठ होतं.

शेवटी डोकं. मोजणारी डाव्या हाताने हनुवटी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धरते. आता तीच कान-डोळ्याची रेघ जमिनीला समांतर हवी, म्हणजे नजर समोर. उजव्या हाताने वरची पट्टी खाली आणायची आणि केस दबतील इतकी टेकवायची.

"उंच हो, उंच हो!" असं म्हटलं की मूल हमखास चवड्यांवर उठतं. त्याऐवजी "समोरच्या आईकडे बघ" एवढंच सांगा आणि आईला मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसवा. ती उभी राहिली तर मूल मान वर करतं.

तपासा: आकडा बोलण्याच्या आधी मदत करणारीने "टाचा टेकलेल्या" असं मोठ्याने म्हणायचं. ती म्हणत नाही तोवर आकडा वाचायचा नाही.

## ६. दोनदा मोजा

एकदा माप घेऊन मूल खाली उतरवा, पुन्हा ठेवा, पुन्हा मोजा. नुसती पट्टी वर-खाली करणं म्हणजे दुसरं माप नव्हे, कारण मूल चुकीचं ठेवलेलं असेल तर तीच चूक पुन्हा मोजली जाते. हे तक्ते ज्या अभ्यासातून आले त्यात दोन मोजणाऱ्यांच्या मापांमध्ये ७ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेत. त्याहून जास्त आला की दोघी पुन्हा मोजत. आपणही तीच मर्यादा ठेवू. फरक त्याच्या आत असेल तर दोन्हींची सरासरी.

नोंदवहीचं पान वरून खाली बघितलं आणि सगळे आकडे .० किंवा .५ ने संपत असतील, तर माप घेतलेलं नाही, अंदाज लिहिलाय, असं समजा. मुलं अर्ध्या सेंटीमीटरच्या पायऱ्यांनी वाढत नाहीत.

## ७. आकडा लिहिणं आणि ०.७ ची दुरुस्ती

आकड्यापुढे पद्धत लिहायची: 'नि' म्हणजे निजवून, 'उ' म्हणजे उभं. ही एका अक्षराची सवय नसल्याने किती नोंदी वाया जातात ते सांगून खरं वाटणार नाही.

दुरुस्ती फक्त तेव्हा, जेव्हा वयाला ठरलेली पद्धत जमली नाही:

- दोन वर्षांच्या आतलं मूल निजायलाच तयार नाही, म्हणून उभं मोजलं: ०.७ मिळवा.
- दोन वर्षं पूर्ण झालेलं मूल उभं राहू शकत नाही, म्हणून निजवून मोजलं: ०.७ वजा करा.

ठरलेल्या पद्धतीने मोजलं असेल तर काहीही मिळवायचं नाही, काहीही वजा करायचं नाही. संगणकात किंवा मोबाइलमध्ये भरताना 'निजवून की उभं' असा प्रश्न येत असेल, तर बहुधा दुरुस्ती आतल्या आत होते. तिथे कागदावर दुरुस्त केलेला आकडा भरला की दोनदा दुरुस्ती होते. म्हणून वहीत मोजलेला आकडा जसाच्या तसा, आणि दुरुस्त केलेला शेजारी वेगळा.

आता सुरुवातीच्या मुलीकडे येऊ. मुलींच्या तक्त्यात २३ महिन्यांना बुटकेपणाची रेघ, म्हणजे उणे दोनची रेघ, ७९.२ वर आहे. मुलगी निजवून ७९.६, म्हणजे रेघेच्या ४ मिलिमीटर वर. २४ महिन्यांना उभ्या उंचीची रेघ ७९.३ वर आहे, आणि मुलगी ७९.७. पुन्हा ४ मिलिमीटर वर. २४ महिन्यांना आडव्या लांबीची रेघ ८०.० वर होती. उभ्या उंचीसाठी तक्ताही तेवढाच खाली उतरतो. मुलगी त्या महिन्यात ८ मिलिमीटर वाढली होती, त्यातले ७ पद्धत बदलण्यात गेले.

हीच मुलगी २३ महिन्यांची असताना उभी करून मोजली असती तर ७८.९ आली असती. ०.७ न मिळवता तो आकडा ७९.२ च्या रेघेशी ताडला असता, तर बुटकेपणाच्या यादीत तिचं नाव लागलं असतं. उलट बाजूही बघा. दुसरी एक मुलगी, २४ महिन्यांची, सवयीने निजवून मोजली, ७९.८ भरली. ७९.३ च्या वर आहे म्हणून 'साधारण' लिहिलं. ०.७ वजा केले तर ती ७९.१, रेघेच्या खाली. जिच्याकडे लक्ष द्यायला हवं होतं तीच सुटली.

## ८. उंचीनुसार वजन बघताना

इथे चूक उलट दिशेने जाते, आणि म्हणून जास्त धोक्याची आहे. सॅम-मॅम, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषण, ठरवताना आपण उंचीच्या मानाने वजन बघतो. दोन वर्षांखालचं मूल उभं मोजून ०.७ न मिळवता लांबीच्या तक्त्यात बघितलं, तर तक्ता त्याला खऱ्यापेक्षा ठेंगणं समजतो आणि ठेंगण्याला अपेक्षित वजनही कमी असतं. त्यामुळे मूल जितकं लुकडं आहे तितकं दिसत नाही. एकच चूक, पण ती मुलाला बुटकं दाखवते आणि त्याचा लुकडेपणा झाकते. वयाच्या दोन बाजूंना दोन वेगळे तक्ते आहेत, एक लांबीचा आणि एक उंचीचा. माप कुठल्या पद्धतीचं, तक्ताही त्याच पद्धतीचा आहे ना, हे बोट ठेवून बघा.

सीमेवरच्या मुलाचं नाव यादीत घालण्याआधी किंवा काढण्याआधी ते मूल परत बोलावून ठरलेल्या पद्धतीने पुन्हा मोजा. आधीच्या महिन्याची नोंद 'नि' आहे की 'उ' ते कळत नसेल, तर तिच्याशी तुलना करून "वाढ खुंटली" असं आईला सांगू नका. आजचा आकडा पहिला धरा आणि पुढच्या महिन्यापासून रेघ जोडा.

पाय वाकलेलं, गुडघे आखडलेलं किंवा पाठीला बाक असलेलं मूल दोन्ही पद्धतींनी नीट मोजता येत नाही. त्याला ओढून सरळ करू नका. नोंदीत 'पाय सरळ होत नाहीत' असं साध्या शब्दांत लिहा, वजन आणि दंडाचा घेर नेहमीसारखा घ्या, आणि मुलाला आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा.